सुरुवातीचं निवेदन लांबतं आणि नावं अडखळतात: पहिली दोन मिनिटं दुरुस्त कशी करायची

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात थंडी पडली की कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात. शाळांची स्नेहसंमेलनं, सोसायट्यांचे वर्धापनदिन, महिला मंडळांचे मेळावे असतातच. निवेदन बहुतेक ठिकाणी गावातलीच एखादी शिक्षिका किंवा कॉलेजात शिकणारी मुलगी करते. आयोजक तिला सांगतात, "दोन मिनिटांत तुझी ओळख, कार्यक्रमाची ओळख, पाहुण्यांची नावं, की लगेच दीपप्रज्वलन." आणि ती दोन मिनिटं पाच-सहा होतात.

मी या भागात बरीच वर्षं निवेदन करते. अशा मुलींचे कागद कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी माझ्याकडे येतात. मजकूर दर वेळी वेगळा असला तरी बिघाड तोच असतो. तो कुठे आहे हे शोधण्याचा माझा क्रम ठरलेला आहे, आणि तो फुकटात होणाऱ्या तपासण्यांपासून सुरू होतो. तो इथे सविस्तर देते.

लक्षणं

पहिल्या पाहुण्याचं नाव यायच्या आत प्रेक्षकांत कुजबुज सुरू होते. व्यासपीठावरचे पाहुणे घड्याळ बघतात, नाहीतर शेजाऱ्याशी बोलू लागतात. आयोजक विंगेतून हाताने "आवर, आवर" करतात, ते दिसलं की निवेदिकेचा वेग एकदम वाढतो आणि नेमकी नावं घाईत येतात. एखादं नाव किंवा पद चुकतं, मग "क्षमस्व" म्हणून ते परत घ्यावं लागतं. निवेदिकेनंतर स्वागत करायला उभा राहिलेला माणूस तीच सगळी नावं पुन्हा घेतो. आणि सगळ्यात खात्रीचं लक्षण म्हणजे, तिचं निवेदन संपल्यावर मागच्या ओळीतल्या एखाद्या बाईंना "आता काय आहे?" असं विचारलं तर त्यांना सांगता येत नाही.

यातली दोन लक्षणं जरी दिसली तरी खालच्या तपासण्या क्रमाने करा. क्रम मोडून थेट "आवाज सुधारायला हवा" किंवा "आत्मविश्वास कमी पडतो" यावर जाऊ नका. मी पाहिलेल्या बहुतेक निवेदनांत दोष कागदावर होता, मुलीत नव्हता.

पहिली तपासणी: मोठ्याने वाचा आणि मोबाइलवर वेळ लावा

याला पैसे लागत नाहीत आणि पाच मिनिटांत होते, तरी जवळजवळ कुणी करत नाही. मनातल्या मनात वाचलेला मजकूर नेहमी लहान वाटतो. मंडपात माइकवर, समजेल अशा गतीने बोललं तर मिनिटाला साधारण 100 ते 110 शब्द होतात. म्हणजे दोन मिनिटांत 200 शब्दांच्या आसपास, आणि त्यातही टाळ्यांना, पाहुणा उठून नमस्कार करतो त्याला वेळ सोडावा लागतो. हातात 160 ते 180 शब्दांपेक्षा जास्त मजकूर नको. वहीचं एक पान भरून पलटलं असेल, तर तो दोन मिनिटांचा मजकूर नाही हे बोलायच्या आधीच कळतं.

वाचताना उभं राहून वाचा आणि रेकॉर्ड करा. मग रेकॉर्डिंग ऐकत प्रत्येक तुकड्याला किती सेकंद लागले ते कागदाच्या समासात लिहा. एकूण वेळ कळून फारसा उपयोग नाही. वेळ कुठे जातो ते कळलं पाहिजे. पुढचं सगळं त्या समासातल्या आकड्यांवर चालतं.

एका गावच्या संमेलनाच्या उद्घाटन सत्रासाठी आलेला कागद उदाहरणाला घेते. समासात लिहिलेलं असं होतं: सुरुवातीची चारोळी 40 सेकंद, "आदरणीय व्यासपीठ" पासूनची संबोधनं 35, स्वतःची ओळख 30, गावाचं वर्णन 50, कार्यक्रमाची माहिती 45, पाहुणे 150. एकूण 350 सेकंद, म्हणजे सहा मिनिटांना दहा सेकंद कमी. हाच कागद आपण पुढे दुरुस्त करत जाऊ.

दुसरी तपासणी: हे काम दुसऱ्या कुणाचं आहे काय?

कार्यक्रमपत्रिका समोर ठेवा आणि निवेदनातल्या प्रत्येक तुकड्यापुढे विचारा, हे पत्रिकेत दुसऱ्या कुणाकडे दिलंय काय? आपल्याकडे उद्घाटन सत्राचा क्रम साधारण असा असतो: ईशस्तवन किंवा स्वागतगीत, दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, भाषणं, आभार. सरकारी कार्यक्रम असेल तर त्यात नाडगीत येतं. स्वागत करणारा सगळ्यांची नावं घेणार, प्रास्ताविक करणारा गावाचा आणि संस्थेचा इतिहास सांगणार, परिचय करून देणारा पाहुण्यांची पुस्तकं आणि पुरस्कार सांगणार. हे सगळं निवेदिकेने आधीच सांगून टाकलं, तर पुढच्या तिघांकडे सांगायला काही उरत नाही आणि प्रेक्षकांना एकच गोष्ट दोनदा ऐकावी लागते.

आपल्या कागदावरचं गावाचं वर्णन सुंदर होतं. मार्कंडेय नदी होती, काळी माती होती, गावातल्या जुन्या वाचनालयाची गोष्ट होती. पण प्रास्ताविक गावच्या निवृत्त मुख्याध्यापकांकडे होतं आणि ते हेच बोलणार होते. वर्णन काढून त्यांच्याकडे दिलं, 50 सेकंद वाचले. पाहुण्यांच्या पुस्तकांची यादी परिचय करून देणाऱ्या बाईंकडे गेली. तिथे आणखी मिनिटभर कमी झालं.

ही तपासणी करताना त्या माणसांशी प्रत्यक्ष बोला. "सर, तुम्ही गावाबद्दल बोलणार आहात नव्हे? मग मी त्यात जात नाही," एवढं विचारलं की पुरतं. न विचारता काढलं आणि त्यांनीही ते बोललं नाही, तर गावाचा उल्लेखच राहतो, आणि तो राग पुढे बरेच दिवस ऐकावा लागतो.

तिसरी तपासणी: संबोधनं आणि चारोळी

"आदरणीय व्यासपीठ, व्यासपीठावरील सन्माननीय अध्यक्ष महोदय, प्रमुख अतिथी, निमंत्रित मान्यवर, पत्रकार बंधू, समोर बसलेले सर्व ज्येष्ठ नागरिक, माता-भगिनी आणि बालमित्रहो." हे भाषणाचं संबोधन आहे. भाषण करणाऱ्याला ते शोभतं, कारण त्याला पुढे दहा-वीस मिनिटं आहेत. निवेदिका पुढच्याच मिनिटात त्याच माणसांची नावं घेणार असते, त्यामुळे इथे त्यांना पदांनी संबोधणं म्हणजे तेच काम दोनदा. "नमस्कार. तुम्हा सगळ्यांचं स्वागत." एवढं पुरे. हे उद्धट वाटेल अशी भीती मुलींना असते. पाहुण्यांचा मान त्यांचं नाव आणि पद अचूक घेण्यात आहे, आणि तो पुढे येणार आहे.

चारोळीबद्दल माझं मत कडक आहे. सुरुवातीला कविता म्हणायची तर ती त्याच दिवसाशी, त्याच कार्यक्रमाशी जोडलेली असावी आणि दोन ओळींत संपावी. दिव्यावरची, फुलावरची, नात्यांवरची तयार चारोळी तिथल्या निम्म्या लोकांनी मोबाइलवर वाचलेली असते. तिच्याऐवजी आज सकाळी घडलेली एक खरी गोष्ट सांगा. ग्रंथदिंडी निघाली असेल तर ग्रंथदिंडीचं एक वाक्य. लोक नुकतेच त्यातून चालत आलेले असतात, त्यामुळे ते लगेच कान देतात.

आपल्या कागदावर या तपासणीने 75 सेकंदांचे 8 झाले.

चौथी तपासणी: स्वतःची ओळख

इथे बिघाड दोन प्रकारचा असतो. काही मुली स्वतःचं नाव सांगतच नाहीत, मग दिवसभर लोक "त्या निवेदन करणाऱ्या" म्हणून हाक मारतात. काही जणी शिक्षण, नोकरी, "मला ही संधी दिल्याबद्दल" असे आयोजकांचे आभार, सगळं सांगतात. आपल्या कागदावर 30 सेकंद त्यात गेले होते.

प्रेक्षकांना तिच्याबद्दल दोनच गोष्टी हव्या असतात: नाव, आणि ती इथे का उभी आहे. "मी (नाव). याच गावच्या मराठी शाळेत शिकले, आता खानापूरला शिकवते. दिवसभराचं निवेदन माझ्याकडे आहे." सात-आठ सेकंदांत झालं. गावाशी असलेला धागा एका वाक्यात जरूर सांगावा, कारण तो ऐकला की समोरचे लोक "ही आपलीच" म्हणून सैल होतात. संधीबद्दलचे आभार आयोजकांना खासगीत द्यावेत.

ही ओळख पाठ हवी, कागदावर बघून वाचायची नाही. सगळ्यात जास्त घाबरायला होतं ते पहिल्या दहा सेकंदांत. तेवढ्या वेळात डोळे लोकांवर राहिले तर श्वास जागेवर येतो. नावं मात्र कधीही पाठ म्हणू नका. ती कागदावरून वाचायची, कितीही ओळखीची असली तरी.

पाचवी तपासणी: पाहुण्यांची नावं आणि पदं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यात जास्त मनंही इथेच दुखावतात. म्हणून इथे सावकाश जाऊया.

आधी वाक्याची रचना बघा. कागदावर बहुधा असं असतं: "आजच्या कार्यक्रमाला लाभलेले प्रमुख पाहुणे (नाव) जे की अमुक संस्थेचे संचालक आहेत आणि तमुक..." नाव मध्ये आलं की लोक नावावर टाळ्या वाजवतात, पुढची पदं टाळ्यांत बुडतात, निवेदिका थांबते, परत सुरू करते. नाव नेहमी शेवटी ठेवा. आधी ते आज इथे कशासाठी आहेत, मग त्यांची एक ओळख, मग नाव. "ज्यांच्या हस्ते आजचं उद्घाटन होणार आहे ते, मराठीचे निवृत्त प्राध्यापक, (नाव)." नावावर आवाज थांबतो, पाहुण्यांना नमस्कार करायला जागा मिळते. असं एक वाक्य साधारण 10 ते 12 शब्दांचं, सहा-सात सेकंदांचं होतं. ओळख एकच द्या. दोन दिल्या की तिसरी का दिली नाही हा प्रश्न येतो.

आता टाळ्या. प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या तर तीन-चार सेकंद जातात. सहा पाहुणे असतील तर वीस-बावीस सेकंद तिथेच संपतात, आणि शेवटच्या पाहुण्याला नेहमी सगळ्यात क्षीण टाळ्या मिळतात. त्यापेक्षा आधीच सांगावं: "व्यासपीठावर पाच पाहुणे आहेत. पाचही नावं झाली की आपण एकदमच टाळ्या वाजवू." आकडा सांगितला की लोकांना शेवट कळतो आणि ते थांबतात.

सहापेक्षा जास्त माणसं व्यासपीठावर असतील तर दोन मिनिटांत सगळ्यांची नावं बसत नाहीत. तिथे निवेदिकेने चलाखी करायची नाही. आयोजकांना आधीच विचारायचं, "निवेदनात कुणाची नावं घेऊ, आणि स्वागतात कुणाची?" बोलणारे आणि उद्घाटन करणारे निवेदनात, बाकीचे स्वागतात, अशी वाटणी बहुतेक ठिकाणी मान्य होते. हा निर्णय आयोजकांचाच असला पाहिजे, कारण राहिलेल्या नावाचा जाब त्यांना द्यावा लागतो.

मग पदं. सीमाभागात इथे एक खास गुंता आहे. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या प्रमुखाला अध्यक्ष म्हणतात. पलीकडे चंदगड, गडहिंग्लज, कागलकडून पाहुणे आले तर ते सरपंच. मराठी लिहिताना मुली सवयीने दोघांनाही सरपंच लिहितात, किंवा दोघांनाही अध्यक्ष. तसंच आपल्याकडचे पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी, त्यांना ग्रामसेवक म्हणू नये. गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पद कन्नड निमंत्रणात क्षेत्र शिक्षणाधिकारी असं असतं, मराठीत गटशिक्षणाधिकारी म्हटलं तरी चालतं, पण नुसतं "शिक्षणाधिकारी" म्हटलं तर ते जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचं पद वाटतं. निपाणी आता स्वतंत्र तालुका आहे, तरी जुन्या कागदावरून उतरवताना तिथल्या पाहुण्यांपुढे चिकोडी तालुका असं लिहिलेलं मला अजून सापडतं.

यात "अध्यक्ष" हा शब्द सगळ्यात जास्त घोळ करतो. संमेलनाचे अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, ग्रामपंचायतीचे अध्यक्ष, आयोजक संस्थेचे अध्यक्ष, असे चार-चार अध्यक्ष एकाच व्यासपीठावर बसलेले असतात. निवेदिका म्हणते, "आता अध्यक्ष मनोगत व्यक्त करतील," आणि दोघं एकदम उठतात. नियम सोपा आहे: नुसतं "अध्यक्ष" कधीही म्हणायचं नाही. "संमेलनाध्यक्ष", "स्वागताध्यक्ष", "आपल्या ग्रामपंचायतीच्या अध्यक्ष", असं प्रत्येक वेळी पूर्ण म्हणायचं. शब्द एक वाढतो, पण घोळ टळतो.

शेवटी उच्चार. मराठी नावांतही चूक होते, पण कन्नड नावांत जास्त, कारण ती निमंत्रणावर एकदा कन्नडमधून मराठीत उतरलेली असतात. आपण मराठीत नावाच्या मधला आणि शेवटचा "अ" गिळतो, कन्नडमध्ये तो पूर्ण बोलतात. बसवराज हे नाव आपण "बसव्राज्" असं म्हणतो, ते "ब-स-व-रा-ज" असं सुटं म्हणतात. बसप्पा, मल्लप्पा या नावांचा शेवटचा स्वर आपण लांबवतो, कन्नडमध्ये तो ऱ्हस्व असतो. नावाआधी इंग्रजी आद्याक्षरं असतात आणि त्यांचा क्रम बदलून चालत नाही.

उपाय असा: पाहुण्यांच्या जवळच्या माणसाकडून, म्हणजे कार्यालयातला सहकारी किंवा त्यांना घेऊन येणारा कार्यकर्ता यांच्याकडून, नाव आणि पदाचा व्हॉट्सॲपवर आवाजी संदेश मागवा. लिहिलेलं नको, बोललेलं हवं. तो तीनदा ऐका, मागून म्हणा, आणि कागदावर तुम्हाला जसं ऐकू आलं तसं तोडून लिहा. निमंत्रणपत्रिका आणि हा संदेश यांत पदाचा फरक निघाला तर आयोजकांना फोन करा, स्वतः ठरवू नका. पत्रिका छापल्यानंतर बदली झालेली असते, निवडणूक होऊन गेलेली असते, निवृत्ती झालेली असते. एखाद्या कागदावर असं एक तरी निघतंच.

कन्नड भाषिक पाहुणे असतील तर त्यांच्या वाक्यात "एल्लरिगू नमस्कार" एवढं कन्नड जरूर घ्या, येत असेल तर एक पूर्ण वाक्यही घ्या. येत नसेल तर पाठ करून लांब स्वागत करू नका. तीन सेकंदांचा शुद्ध नमस्कार त्यांना आवडतो, अर्ध्या मिनिटाच्या चुकलेल्या कन्नडमुळे तेही अवघडतात आणि समोरचे मराठी लोकही.

सहावी तपासणी: ऐन वेळी येणाऱ्या चिठ्ठ्या

कागद दुरुस्त असूनही निवेदन लांबलं तर कारण बहुधा हेच असतं. नावं चालू असताना कुणीतरी पोडियमवर चिठ्ठी ठेवतं: अमुक साहेब आलेत, नाव घ्या. दुसरी चिठ्ठी: तमुक येणार नाहीत. निवेदिका वाक्य अर्ध्यावर सोडून चिठ्ठी वाचते आणि धागा सुटतो.

यासाठी नावं एका सलग कागदावर लिहूच नका. पोस्टकार्डाच्या आकाराचे जाड पुठ्ठ्याचे तुकडे घ्या, एका तुकड्यावर एकच पाहुणा, नाव मोठ्या अक्षरात शेवटच्या ओळीत. कोपऱ्यात क्रमांक पेन्सिलने. पाहुणा आला नाही तर तुकडा खाली ठेवायचा, क्रम बदलला तर तुकडे बदलायचे. दोन कोरे तुकडे आणि पेन जवळ ठेवायचं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं आयोजकांपैकी एकाच माणसाबरोबर व्यासपीठाकडे बघत तुकडे मोजायचे: खुर्च्या किती, माणसं किती, तुकडे किती. तिन्ही आकडे जुळले पाहिजेत.

आणि त्या एकाच माणसाशी ठरवून घ्यायचं की चिठ्ठी फक्त त्याच्याकडून येईल. निवेदन चालू असताना आलेलं नवीन नाव त्या यादीत घुसवायचं नाही. दीपप्रज्वलन झाल्यावर, "आपल्यात नुकतेच आलेले..." असं वेगळं, सावकाश घ्यायचं. उशिरा आलेल्या पाहुण्यालाही ते जास्त मानाचं वाटतं, कारण तेव्हा सगळ्यांचं लक्ष एकट्या त्याच्याकडे असतं.

सातवी तपासणी: माइक आणि मंडप

आतापर्यंतचं सगळं ठीक असेल आणि घरी दोन मिनिटांत बसणारं निवेदन मंडपात अडीच-तीन मिनिटं घेत असेल, तर आवाजाची व्यवस्था बघा. पत्र्याच्या छताच्या सभागृहात आणि बंद मंगल कार्यालयात आवाज घुमतो, मागचा शब्द विरायच्या आत पुढचा येतो, म्हणून बोलणारी आपोआप थांबत थांबत बोलते. उघड्या मैदानात लांबच्या कर्ण्यावरून आपलाच आवाज उशिरा परत येतो आणि जीभ अडखळते. साउंडवाल्याला सांगून एको पूर्ण बंद करायला लावा. गाण्यासाठी लावलेला एको निवेदनाला बहुधा तसाच राहिलेला असतो. पोडियमजवळचा स्पीकर आपल्याकडे तोंड करून असेल तर शिट्टी मारतो, तो थोडा वळवून घ्या. माइक तोंडापासून चार बोटांवर, किंचित बाजूला धरा, म्हणजे "प", "फ", "भ" फुटत नाहीत.

हे लोक यायच्या आधी करायचं. "हॅलो, हॅलो, आवाज येतोय काय?" याने सुरू झालेल्या निवेदनाचे पहिले दहा सेकंद तिथेच गेले.

दुरुस्तीनंतरचा कागद

आपल्या उदाहरणातला मजकूर शेवटी असा झाला:

"नमस्कार. सकाळी ग्रंथदिंडीत पहिलीतल्या मुलांनी डोक्यावरची पुस्तकं शेवटपर्यंत खाली ठेवली नाहीत. त्या मुलांचं आणि तुम्हा सगळ्यांचं स्वागत. मी (नाव). याच गावच्या मराठी शाळेत शिकले, आता खानापूरला शिकवते. दिवसभराचं निवेदन माझ्याकडे आहे.

आज चार सत्रं आहेत. आता उद्घाटन आणि संमेलनाध्यक्षांचं भाषण. बारा वाजता परिसंवाद, विषय आहे मराठी शाळांतली घटती पटसंख्या. दीड वाजता शाळेमागच्या मंडपात सगळ्यांचं जेवण. अडीचला कथाकथन आणि चार वाजता कविसंमेलन. कविसंमेलनात नाव द्यायचं असेल तर जेवणाच्या सुट्टीत व्यासपीठाच्या डाव्या बाजूला द्या.

व्यासपीठावर पाच पाहुणे आहेत. पाचही नावं झाली की एकदमच टाळ्या वाजवू. कोल्हापूरहून आलेल्या कादंबरीकार, आजच्या संमेलनाध्यक्ष, (नाव). ज्यांच्या हस्ते उद्घाटन होणार आहे ते, मराठीचे निवृत्त प्राध्यापक, (नाव). आपले स्वागताध्यक्ष, गावच्या सोसायटीचे संस्थापक, (नाव). आपल्या ग्रामपंचायतीच्या अध्यक्ष, (नाव). एल्लरिगू नमस्कार, आपल्या तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी, (नाव).

दीपप्रज्वलनासाठी पाहुण्यांनी पुढे यावं, ही विनंती."

वेळ लावली तर टाळ्यांसकट दोन मिनिटांच्या आत बसतं. त्यात चारोळी नाही, विशेषणं नाहीत, तरी जेवण कुठे आहे, कवितेला नाव कुठे द्यायचं हे मागच्या ओळीपर्यंत कळतं. परिसंवादाचा विषय सांगितला आहे कारण त्याच विषयासाठी आसपासच्या गावांतले शिक्षक आलेले असतात, आणि बाराला परत येऊन बसायचं की नाही हे ते तिथेच ठरवतात.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

सरकारी कार्यक्रमात, मंत्री, आमदार, जिल्हाधिकारी व्यासपीठावर असतील तेव्हा नावांचा क्रम शिष्टाचाराने ठरतो. तो निमंत्रणपत्रिकेत छापलेला असतो. त्यातलं एकही नाव पुढेमागे करू नका, गाळू नका. दोन मिनिटांत बसत नसेल तर संबंधित कार्यालयाच्या अधिकाऱ्याला दाखवून त्यांच्याकडूनच उत्तर घ्या, आणि शक्य तर कागदावर सही घ्या. तसंच गावात दोन गटांत मानापमान चालू असेल, कुणाचं नाव आधी यावरून आवाज चढत असतील, तर निवेदिकेने त्यात पडायचं नाही. आयोजकांच्या बैठकीत ठरू दे, तुम्हाला लिहिलेला क्रम मिळाला पाहिजे.

माइकच्या जाळीला ओठ किंवा बोट लागताच झिणझिण्या आल्या, बारीक शॉक बसला, तर ताबडतोब माइक सोडा. मंडपात जनरेटरवर किंवा ओढून आणलेल्या वायरवर साउंड चालतो तेव्हा अर्थिंग नसण्याची शक्यता असते. रुमाल गुंडाळून बोलू नका, "जरासाच लागतोय" म्हणून पुढे जाऊ नका, ओल्या जमिनीवर तर मुळीच नाही. मुख्य स्विच बंद करायला लावा आणि इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय कार्यक्रम सुरू करू देऊ नका. तोवर विनामाइक बोला किंवा लोकांना थांबायला सांगा.

हंगामात सलग कार्यक्रम केल्यावर घसा बसतो. दोन-चार दिवस आवाजाला विश्रांती आणि भरपूर पाणी एवढ्याने तो सुटला पाहिजे. कुजबुजत बोलल्याने घशाला आराम मिळत नाही, उलट ताण पडतो, म्हणून गप्पच राहा. घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, गिळताना दुखलं किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर काढे आणि खडीसाखर बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, आणि ते सांगतील तोवर पुढची निमंत्रणं दुसऱ्या मुलीकडे द्या.